मेदूवडा : कमी पाण्यातले वाटण, ओल्या हाताची घडण आणि कुरकुरीत तळण

मेदूवड्याचे साहित्य मोजके असते. उडीद, मीठ, थोडे आले-मिरे आणि तेल एवढ्यावर काम भागते, त्यामुळे वडा बिघडला तर दोष साहित्यात क्वचितच सापडतो, तो बहुधा पाण्यात असतो. डाळीने भिजताना किती पाणी घेतले, वाटताना वरून किती घातले, घडवताना हाताला किती होते आणि तळताना त्यातले किती बाहेर पडले, या चार ठिकाणी लक्ष राहिले की आतून हलका आणि बाहेरून कुरकुरीत वडा घरच्या मिक्सरवरही होतो. दक्षिणेत हाच वडा कर्नाटकात उद्दिन वडे, तमिळनाडूत उळुंदु वडै आणि आंध्रात गारेलु म्हणून घरोघरी होतो, आणि मुंबईत तो उडुपी हॉटेलांमुळे रोजच्या न्याहारीचा झाला. त्या हॉटेलांकडे दगडी रगडा असतो, आपल्याकडे मिक्सर असतो. म्हणून या लेखात मिक्सर गृहीत धरून पाव किलो उडदाचा एक बेत सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेला आहे. त्यात मध्यम आकाराचे साधारण चौदा वडे होतात.

डाळ आणि तिचे भिजणे

साल काढलेला अख्खा उडीद, म्हणजे ज्याला दुकानात उडीद गोटा म्हणतात, तो या कामाला सर्वांत चांगला. फुटलेली पांढरी डाळ चालते, पण गोट्याचे पीठ अधिक फुगते. उडदात एक चिकट द्रव्य आणि काही विशिष्ट प्रथिने असतात. वाटून घोटताना पिठात शिरलेली हवा या दोन्हींमुळे बारीक बुडबुड्यांच्या रूपात टिकून राहते. वडा हलका होतो तो याच हवेमुळे, सोड्यामुळे नव्हे. डाळ फार जुनी झाली की तिचा हा गुण मंदावतो. अशी डाळ भिजते, वाटलीही जाते, पण पीठ कितीही घोटले तरी जडच राहते. त्यामुळे वडे करायचे असतील तेव्हा डब्याच्या तळाशी राहिलेला उडीद आमटीला वापरावा आणि वड्यांसाठी नवा आणावा.

पाव किलो गोटा दोन-तीन पाण्यांनी स्वच्छ धुऊन भरपूर पाण्यात भिजत घालावा. उन्हाळ्यात तीन तास आणि थंडीत चार तास पुरतात. फुटलेली डाळ असेल तर दोन ते अडीच तासांत काम होते. रात्रभर भिजवण्याची सवय इथे सोडावी. डाळ जितका वेळ पाण्यात राहील तितके पाणी ती पोटात घेते, आणि ते पाणी वाटताना पिठात उतरते, म्हणजे वरून एक थेंबही न घालता पीठ सैल होऊ शकते. दाणा नखाने दाबल्यावर सहज तुटला आणि त्याच्या मध्यभागी खडूसारखा कोरडा पांढरा ठिपका दिसला नाही, की भिजणे पूर्ण झाले असे समजावे. त्या वेळी पाव किलो उडदाचे वजन पाचशे ग्रॅमच्या थोडे पुढे गेलेले असते.

आता निथळणे, ज्याकडे फार लोक दुर्लक्ष करतात. डाळ चाळणीत काढून दहा मिनिटे तशीच ठेवावी आणि मधून एक-दोनदा चाळणी हलवावी. दाण्यांना चिकटून आणि दाण्यांच्या मध्ये अडकून दोन-तीन मोठे चमचे पाणी सहज राहते. वाटताना एकूण चार-पाच चमचेच पाणी घालायचे असेल, तर हे न मोजलेले पाणी सगळा हिशेब बिघडवते. निथळलेली डाळ त्यानंतर अर्धा तास फ्रिजमध्ये झाकून ठेवावी. त्याचे कारण पुढे येते.

कमी पाण्यात वाटणे

रगड्यात दगड सावकाश फिरतो, पीठ तापत नाही आणि वाटता वाटताच त्यात हवा कालवली जाते. मिक्सरचे पाते फार वेगाने फिरते. त्यामुळे दोन अडचणी येतात. पाणी कमी असेल तर डाळ भांड्याच्या कडेला चिकटते आणि पाते रिकामे फिरते, आणि पात्याच्या घर्षणाने पीठ गरम होते. गरम झालेल्या पिठात हवा नीट धरली जात नाही आणि असे पीठ तळल्यावर चिवट लागते. पहिल्या अडचणीवर बहुतेक जण पाणी वाढवतात आणि तिथेच वडा हातचा जातो. खरा उपाय थांबत थांबत वाटण्यात आहे.

डाळीचे तीन भाग करावेत, म्हणजे भांडे एका वेळी अर्ध्यापेक्षा कमी भरेल. एका वाटीत बर्फाचे किंवा फ्रिजमधले अगदी थंड पाणी घ्यावे आणि त्यातले पाच मोठे चमचे, म्हणजे सुमारे 75 मिलि, वेगळे मोजून ठेवावे. हे पाणी तिन्ही भागांसाठी मिळून आहे. पहिला भाग पाणी न घालता चार-पाच झटक्यांत भरड करावा. झाकण उघडून कडेची डाळ उलथन्याने खाली पात्याकडे ढकलावी, एक चमचा पाणी डाळीवर न घालता पात्याच्या जवळ सोडावे आणि दहा-पंधरा सेकंद फिरवावे. पुन्हा थांबावे, पुन्हा कडा खरवडाव्यात. साधारण तिसऱ्या-चौथ्या फेरीला वाटणाचा आवाज बदलतो. सुरुवातीची खरखर जाते, पीठ आपोआप वरून खाली फिरू लागते आणि मध्यभागी खळगा पडतो. तोपर्यंत पीठ फिरत नसेल तर अर्धा चमचा पाणी आणखी द्यावे, पण कडा खरवडल्याशिवाय देऊ नये. भांड्याच्या बाहेरून हात लावून पाहावा. ते कोमट लागले तर दोन मिनिटे थांबावे. थंड डाळ आणि थंड पाणी घेण्याचे कारण हेच, की वाटून होईपर्यंत पीठ गार राहावे.

पीठ किती बारीक असावे? दोन बोटांत चोळल्यावर रवा लागू नये. रवाळ पिठात हवा धरली जात नाही, शिवाय न वाटलेला दाणा राहिला तर त्यात कोंडलेली वाफ तळताना वडा फोडते आणि तेल अंगावर उडते. घट्टपणा मात्र असा हवा की चमच्यात घेऊन चमचा उलटा केला तर पीठ लगेच ओघळता कामा नये, जडपणे गोळ्याने सुटावे. तिन्ही भाग वाटून होईपर्यंत पाणी उरले तर उत्तमच. नव्या, नीट भिजलेल्या उडदाला चार चमचेही पुरतात. जुन्या डाळीला सहा चमचे लागू शकतात. त्यापुढे जायचे नाही.

कमी पाण्याची टोकाची बाजू पाहायची असेल तर दक्षिणेत हनुमानाला वाहतात ती वड्यांची माळ पाहावी. ते वडे सालीसकट उडदाचे, मिरे घातलेले, जवळजवळ पाण्याशिवाय भरड वाटलेले आणि पातळ थापलेले असतात. ते कडक होतात आणि टिकतात, पण त्यांच्यात मेदूवड्याची लुसलुशीत आतली बाजू नसते, कारण भरड पिठात हवा राहत नाही. आपल्याला पाणी कमी हवे आणि हवा भरपूर हवी, म्हणून वाटल्यावर घोटणे आलेच.

घोटणे

सगळे पीठ एका पसरट पातेल्यात काढावे आणि हाताची बोटे थोडी फाकवून एकाच दिशेने, पीठ तळातून वर उचलत, पाच मिनिटे घोटावे. पीठ हातावर आपटायचे नसते, वर आणून दुमडायचे असते. दोन मिनिटांनी रंग बदलू लागतो. पिवळसर छटा जाऊन पीठ पांढरे दिसते, हाताला हलके लागते आणि पातेल्यात त्याची पातळी वर आलेली दिसते. विजेवरच्या फेटणी यंत्राचा हलका वेगही चालतो, मात्र दीड-दोन मिनिटांपेक्षा अधिक नको. मला हाताने घोटलेले पीठ अधिक भरवशाचे वाटते, कारण बोटांना त्याचा जडपणा कमी होत गेलेला कळतो आणि कधी थांबायचे तेही कळते.

खात्रीसाठी एका वाटीत पाणी घेऊन त्यात बोराएवढे पीठ सोडावे. ते लगेच वर तरंगले तर पिठात पुरेशी हवा आहे. बुडून सावकाश वर आले तर आणखी दोन मिनिटे घोटावे. तळाशी बसले तर पीठ अजून जड आहे किंवा पाणी जास्त झाले आहे. पाण्यात पडताच गोळा विरघळून पाणी दुधाळ झाले, तर दोष पाण्याचा आहे आणि घोटून तो जाणार नाही.

अशा सैल झालेल्या पिठाला वाचवण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे मूठभर डाळ निथळून बाजूला ठेवलेली असेल तर ती पाण्याशिवाय वाटून मिसळणे. म्हणून नवख्या माणसाने भिजलेल्या डाळीतली मूठभर शेवटपर्यंत राखून ठेवावी. तशी नसेल तर दोन चमचे तांदळाची पिठी घालून पीठ अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावे; गार झाल्यावर ते थोडे आळते. मैदा किंवा बेसन घालून घट्ट करू नये, वडा जड होतो आणि चवही बदलते. एवढे करूनही भोक पडेना, तर हट्ट न धरता त्याच पिठाचे लहान गोल बोंडे सोडावेत, ते चविष्टच लागतात.

पीठ आंबवायचे नाही. इडलीच्या पिठाला आंबणे हवे असते. इथे आंबल्याने पीठ सैल आणि आंबट होते आणि तेलही जास्त पिते. सोड्याबद्दलही माझे मत स्पष्ट आहे: घोटलेल्या पिठाला त्याची गरज नसते. सोड्याने वडा फुगतो खरा, पण त्याची जाळी मोठी आणि उघडी होते, तेल आत शिरते आणि रंग लवकर काळपट होतो.

मीठ आणि मसाला तळण्याच्या आधी, शेवटच्या पाच मिनिटांत

मीठ पिठात मिसळून ठेवले की काही वेळाने पीठ सैल पडू लागते. त्यामुळे कढई तापत ठेवल्यावरच मीठ घालावे. पाव किलो उडदाला सपाट दीड छोटा चमचा मीठ, एक छोटा चमचा जाडसर कुटलेले मिरे, इंचभर आल्याचे अगदी बारीक तुकडे, दोन बारीक चिरलेल्या हिरव्या मिरच्या, दहा-बारा कढीपत्त्याची चिरलेली पाने, चिमूटभर हिंग आणि आवडत असतील तर ओल्या खोबऱ्याचे दोन चमचे बारीक काप, एवढे पुरते. मिरे अख्खे घालू नयेत, तेलात ते फुटून उडतात. कुरकुरीतपणासाठी एक मोठा चमचा तांदळाची पिठी याच वेळी घालावी. दोन चमच्यांच्या पुढे गेले तर कवच कुरकुरीत न राहता कडक होते. हे सगळे हलक्या हाताने, चार-पाच फेऱ्यांत मिसळावे. आता पुन्हा घोटले तर जमवलेली हवा निघून जाते.

कांदा घालायचा असेल तर तो सगळ्या पिठात घालू नये. मीठ लागताच कांद्याला पाणी सुटते आणि दुसरा घाणा तळेपर्यंत पीठ पातळ होते. एका घाण्यापुरते पीठ वेगळे काढून त्यात कांदा मिसळावा.

ओल्या पिठाला आकार देणे

हे पीठ चिकट असते आणि चिकटण्यावर एकच उपाय आहे, तो म्हणजे पाणी; पण तेलाजवळ पाणी म्हणजे उडणारे थेंब. त्यामुळे हात ओला हवा, निथळता नको. ओट्यावर कढईच्या डावीकडे पिठाचे पातेले आणि त्यालगत पाण्याचे खोलगट भांडे ठेवावे. दोन्ही हात पाण्यात बुडवून एकदा भांड्यावरच झटकावेत.

डाव्या हाताने लिंबाएवढे, म्हणजे सुमारे पंचेचाळीस ग्रॅम पीठ उचलून उजव्या हाताच्या चार बोटांवर ठेवावे, तळहातावर नको, कारण तळहातावरून ते घसरत नाही. ओल्या बोटाने वरची बाजू थोडी सपाट करावी आणि ओला अंगठा मधोमध घालून किंचित फिरवावा. भोक दिसायला हवे त्यापेक्षा मोठे करावे. वडा तेलात फुगला की ते निम्म्याने मिटते, आणि पूर्ण मिटले तर मध्यभागी उष्णता पोहोचत नाही. कडा तपकिरी होतात आणि पोट कच्चे राहते. आता हात तेलाच्या पृष्ठभागापासून दोन बोटे वर नेऊन बोटे खाली कलती करावीत आणि अंगठ्याने हलकासा धक्का देत वडा सोडावा. तो सुटताना हात मागे घ्यायचा असतो. उंचावरून टाकले तर तेल उडते आणि वड्याचा आकारही लांबोडका होतो. दोन वड्यांच्या मध्ये हात पुन्हा पाण्यात बुडवून झटकावा.

ज्यांना तेलाच्या इतक्या जवळ हात नेण्याची भीती वाटते त्यांनी केळीच्या पानाचा तळहाताएवढा तुकडा किंवा दुधाच्या पिशवीचा धुतलेला, चौकोनी कापलेला प्लास्टिकचा तुकडा घ्यावा. तो ओला करून त्यावर वडा थापावा, भोक पाडावे, मग तो दुसऱ्या ओल्या हाताच्या बोटांवर उलटा करून तेलात सोडावा. प्लास्टिक तेलाजवळ नेऊ नये. पोलादी चहागाळणी उलटी धरून, तिचा फुगीर भाग ओला करून त्यावर वडा घडवण्याची पद्धतही सोपी आहे. गाळणी तेलावर तिरपी केली की वडा घसरून खाली जातो, आणि हात दांड्याइतका लांब राहतो.

पहिले दोन-तीन वडे वेडेवाकडे येतील. त्याने चवीत फरक पडत नाही, आणि हाताला पिठाचा अंदाज तेवढ्यातच येतो.

तळणे

कढईत तेल किमान दोन इंच खोल हवे. वडा तळाला टेकला तर एका बाजूला डाग पडतो आणि तो नीट फुगत नाही. तेल 170 ते 175 अंश सेल्सिअस तापलेले असावे. तापमापक नसेल तर वाटाण्याएवढे पीठ टाकून पाहावे. ते तळाकडे जाऊन दोन-तीन सेकंदांत वर आले आणि त्याभोवती सलग बुडबुडे उठले, पण रंग लगेच बदलला नाही, तर तेल योग्य आहे. टाकताच तपकिरी झाले तर गॅस बारीक करून मिनिटभर थांबावे. तळाशीच रेंगाळले तर तेल अजून थंड आहे.

तापमानाला इतके महत्त्व का? वडा तेलात पडताच त्याच्या पृष्ठभागावरचे पाणी वाफ होऊन बाहेर झेपावते. त्या वाफेच्या दाबामुळे तेल आत शिरू शकत नाही, आणि पाणी गेलेला थर हळूहळू कोरडा होऊन कवच बनतो. तेल थंड असेल तर वाफ मंद निघते, कवच उशिरा धरते आणि तोपर्यंत तेल मुरते. तेल फार तापलेले असेल तर कवच दोन मिनिटांतच लाल होते, म्हणून आपण वडा काढतो, पण आतले पाणी तसेच असते. बाहेर काढल्यावर तेच पाणी कवचाकडे सरकते आणि पाच मिनिटांत वडा मऊ पडतो. कुरकुरीत वडा लागतो तो मध्यम आचेवर पुरेसा वेळ तळल्यामुळे. घाईला इथे वाव नाही.

एका घाण्यात मध्यम कढईत चार वडे सोडावेत. ते सोडताच तेलाचे तापमान उतरते, म्हणून पहिले मिनिटभर आच थोडी मोठी ठेवून मग मध्यम करावी. पहिल्या अर्ध्या मिनिटात झारा लावू नये, कवच धरलेले नसते आणि वडा फाटतो. वडा स्वतःहून वर आला की झाऱ्याने त्यावर तेल उडवावे, मग उलटवावा आणि पुढे दर मिनिटाला फिरवत राहावा. एका घाण्याला सहा ते सात मिनिटे लागतात. वेळेपेक्षा बुडबुडे पाहावेत: सुरुवातीला ते मोठे आणि जोरकस असतात, चरचर ऐकू येते, पाणी कमी होत गेले की ते बारीक आणि विरळ होतात आणि आवाज खाली बसतो. तो बसला, रंग सर्वत्र एकसारखा सोनेरी-तांबूस झाला आणि झाऱ्याने टोचल्यावर कवच कडक लागले, की शेवटची वीस-तीस सेकंद आच वाढवावी आणि वडे काढावेत. गरम तेलातून निघालेला वडा कमी तेलकट राहतो.

पहिला वडा मोडून पाहावाच. आत पांढरी, एकसारखी बारीक जाळी दिसली तर पीठ जमले. मधला भाग चिकट आणि गडद दिसला तर आच मोठी होती किंवा भोक लहान होते. जाळीच नसून पोट घट्ट असेल तर घोटणे कमी पडले; उरलेल्या पिठाला मीठ लागलेले असले तरी दोन मिनिटे हलकेच घोटून पुढचा घाणा सुधारता येतो. कवचावर लहान लहान फोड उठले असतील तर पिठात पाणी थोडे जास्त आहे.

काढलेले वडे चाळणीत कडेवर उभे ठेवावेत. ताटात एकावर एक रचले किंवा झाकले तर त्यांचीच वाफ त्यांना मऊ करते, आणि कागदावर आडवे ठेवले तर खालची बाजू ओलसर होते. एवढे सांभाळूनही कुरकुरीतपणा साधारण अर्धा तास टिकतो, कारण आतला ओलावा कवचात येणारच. पाहुण्यांची पंगत असेल तेव्हा हॉटेलांची युक्ती वापरावी: वडे मध्यम-मंद आचेवर चार मिनिटे, फिकट राहतील एवढेच तळून चाळणीत मोकळे ठेवावेत आणि वाढण्याच्या वेळी 180 अंशांच्या आसपास तापलेल्या तेलात दोन मिनिटे पुन्हा तळावेत. पहिल्या तळणात आत शिजते, दुसऱ्यात कवच कोरडे होते. सांबार वाटीत वेगळे द्यावे. वडा त्यात कधी बुडवायचा ते खाणाऱ्याने ठरवावे.

पीठ उरणार असे दिसले तर मीठ घालण्याआधीच तेवढे वेगळे काढून झाकून फ्रिजमध्ये ठेवावे. दुसऱ्या दिवशी त्याची हवा थोडी बसलेली असते, तेव्हा थंड असतानाच दोन-तीन मिनिटे घोटून, तरंगण्याची चाचणी घेऊन मगच मीठ घालावे. तळलेले वडे उरले तर ते पंधरा मिनिटे कोमट पाण्यात भिजवून, तळहातांत हलके दाबून, घट्ट गोडसर दह्यात सोडावेत. आत नीट जाळी पडलेला वडा पाणी पटकन घेतो आणि दाबल्यावर तुटत नाही.